वाडा पाहावा पाच वाजता

आम्ही तो वाडा पहिल्यांदा पाहिला तो रविवारी सकाळी अकरा वाजता. वाई तालुक्यातलं, पाचगणीच्या डोंगराच्या पायथ्याजवळचं एक गाव, जानेवारीचा पहिला आठवडा. दिंडीदरवाजातून वाकून आत गेलं की मधोमध फरसबंद चौक, चारी बाजूंना सोपे, काळपट पडलेले सागवानी खांब, चौकात तुळशीवृंदावन. चौकात ऊन ओसंडत होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दिग्दर्शकानं दारातच सांगून टाकलं, ‘शोध संपला.’

फिल्म चौदा मिनिटांची होती. तिचा गाभा एकाच प्रसंगात होता. पूर्वेकडच्या सोप्यावर आजी सुपात तांदूळ निवडत बसली आहे, नातू शहरात नोकरीला निघाला आहे, दोघं निघण्याच्या गोष्टी सोडून बाकी सगळ्या गोष्टी बोलतात. नातू गेल्यावर आजी माडीवर जाते आणि त्याची वळकटी बांधून ठेवते. वेळ संध्याकाळची. शूटिंग एका शनिवारी दुपारी तीन ते सात असं ठरलं होतं.

मी या फिल्मला सहायक दिग्दर्शक होतो. वाडा मलाही आवडला होता, पण तो आम्ही चुकीच्या वेळी पाहिला होता. फिल्मवाल्यांच्या भाषेत जागा पाहायला जाण्याला ‘रेकी’ म्हणतात, आणि रेकीचा एक नियम जुनी माणसं नव्यांना पहिल्याच दिवशी सांगतात: ज्या वारी शूटिंग आहे त्या वारी जायचं, ज्या वेळी शूटिंग आहे त्या वेळी जायचं आणि तेवढा वेळ तिथं बसून राहायचं. जागा आणि वेळ मिळून लोकेशन होतं. सकाळी अकराचा वाडा आणि संध्याकाळी पाचचा वाडा हे दोन वेगळे वाडे असतात. म्हणून पुढच्या शनिवारी, शूटिंगच्या बरोबर एक आठवडा आधी, आम्ही चौघं दुपारी साडेतीनलाच वाड्यावर पोचलो: मी, कॅमेरामन, साउंड रेकॉर्डिस्ट आणि गावातले एक वायरमन. जवळ फार काही नव्हतं. फोन, हेडफोन आणि छोटा रेकॉर्डर, व्होल्टेज मोजायचा मीटर, मोजपट्टी, खडू आणि कपड्यांची इस्त्री.

आजीच्या जागी बसून

उजेडाची पाहणी करायची तर पात्राच्या जागी बसावं लागतं. चौकात उभं राहून ‘छान ऊन आहे’ म्हणण्यानं काहीच कळत नाही. पूर्वेकडच्या सोप्यावर, पाठीमागे माजघराचं दार येईल अशा बेतानं आजीची जागा आम्ही खडूनं आखली आणि मी तिथं मांडी घालून बसलो. कॅमेरामननं कॅमेऱ्याची जागा आखली, आणि दर पंधरा मिनिटांनी त्याच जागेवरून माझा एक फोटो काढायचं ठरलं.

पावणेचारला माझ्या तोंडावर समोरून ऊन होतं. दिशा बरोबर होती, कारण सोपा पश्चिमेकडे उघडतो. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही, बराच दक्षिणेकडे सरकून मावळतो. डिसेंबरच्या अखेरीस हे सरकणं सुमारे २५ अंशांचं असतं, जूनच्या अखेरीस तेवढंच उत्तरेकडे. म्हणजे एकाच घराच्या एकाच सोप्यावर येणारं मावळतीचं ऊन सहा महिन्यांत जवळजवळ ५० अंश फिरतं. डिसेंबरात जागा पाहून एप्रिलमध्ये शूटिंगला गेलेल्या माणसाला आपलं ऊन दुसऱ्याच भिंतीवर पडलेलं दिसतं, ते यामुळे. फोनवरची सूर्याचा मार्ग दाखवणारी ॲप्स कुठल्याही तारखेची ही दिशा अचूक सांगतात. मात्र फोनचं होकायंत्र लोखंडी गजांच्या खिडकीजवळ किंवा गाडीशेजारी धरलं तर चुकतं, म्हणून ते मोकळ्यावर येऊन बघायचं.

पण ॲपला समोरचं छप्पर माहीत नसतं. त्या दिवशी सूर्यास्त सव्वासहाला होता आणि पाच वाजता आजीच्या तोंडावर सोनेरी ऊन असेल असा आमच्या दिग्दर्शकाचा हिशेब होता. प्रत्यक्षात चार वाजून सत्तावीस मिनिटांनी माझ्या तोंडावरचं ऊन गेलं. समोरच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या कौलारू छपराआड सूर्य उतरला होता.

हे आधी ओळखता येतं, आणि त्याला उपकरण लागत नाही. हात पुढे पूर्ण ताठ करून मूठ वळली, तर त्या मुठीची रुंदी डोळ्याला साधारण दहा अंशांची दिसते. डोळ्यांच्या पातळीपासून सुरुवात करून मुठीवर मूठ रचत छपराच्या कडेपर्यंत जायचं. आजीच्या जागेवरून ते छप्पर दोन मुठी आणि दोन बोटं भरलं, म्हणजे सुमारे २२ अंश. महाराष्ट्रात मावळतीकडचा सूर्य तासाला तेरा-चौदा अंश खाली येतो, म्हणजे एक मूठ उतरायला त्याला पाऊण तास लागतो. दोन मुठी आणि दोन बोटं म्हणजे पावणेदोन तासांच्या जवळपास. सूर्यास्तातून तेवढा वेळ वजा केला की उत्तर साडेचार येतं. मोजपट्टीनं पाहिलं तेव्हाही तेच निघालं. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपासून छप्पर चार मीटर वर आणि दहा मीटर लांब होतं.

विलायती पुस्तकं वाचून फिल्म करायला निघालेल्यांची आणखी एक गफलत इथंच होते. त्या पुस्तकांत सूर्यास्ताआधीच्या तासभराच्या मऊ, पिवळ्या उजेडाचं वर्णन असतं. युरोपात सूर्य तिरका, रेंगाळत मावळतो, म्हणून तिथं तो तास असतो. आपल्याकडे सूर्य बराच उभा उतरतो, त्यामुळे त्या उजेडाला अर्धाच तास मिळतो, आणि सूर्य मावळल्यावरचा कामाचा संधिप्रकाशही वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. त्यात आमच्या गावाला पश्चिमेला डोंगर. माडीच्या खिडकीतून पाहिलं तर डोंगराची कड पाऊण मूठभर वर होती. पंचांगातला सूर्यास्त सव्वासहाचा असला तरी या गावचा सूर्य पावणेसहाच्या आतच जातो.

ऊन गेल्यावर आम्ही निघालो नाही, आणि त्या दिवसातलं सर्वांत मोलाचं त्यानंतरच सापडलं. ऊन असताना कॅमेरामननं मोजलं होतं, तेव्हा चौकातली फरशी सोप्याच्या आतल्या भिंतीपेक्षा सोळा पट उजळ होती. कॅमेऱ्यात अशा वेळी एक तर चौक पांढराफटक जातो नाहीतर सोपा काळा पडतो. पावणेपाचला हा फरक चारपटीवर आला. आता उजेड थेट सूर्याचा नव्हता. वर उघड्या आभाळाचा होता, चौकात पडून चारी बाजूंना सारखा पसरणारा. आजीच्या सुरकुत्या त्यात दिसत होत्या, पण कापल्यासारख्या दिसत नव्हत्या. शिवाय हा उजेड पावणेपाचपासून साडेपाचपर्यंत जवळपास तसाच राहिला, हळूहळू मंद होत गेला एवढंच. संवादाच्या प्रसंगाला याहून सोयीचा उजेड नाही. दहा वेळा वेगवेगळ्या कोनांतून घेतलेले शॉट पुढे एकमेकांना जोडायचे असतात, आणि एकात ऊन तोंडावर, दुसऱ्यात कानावर असं झालं तर जोड उघडा पडतो.

चौकातला हा उजेड भारतीय सिनेमात एका मोठ्या गोष्टीचं मूळ आहे. सत्यजित राय यांच्या १९५६ सालच्या ‘अपराजितो’मध्ये बनारसच्या घराचा चौक स्टुडिओत उभारला होता. अशा घरात उजेड वरून, आभाळातून येतो आणि त्याला ठळक सावली नसते, हे कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी जाणलं होतं. म्हणून त्यांनी चौकावर पांढरं कापड ताणलं आणि खालून दिवे त्या कापडावर मारून परतलेला उजेड वापरला. जे त्यांना कापड ताणून करावं लागलं ते आम्हाला वाड्यात रोज पाऊण तास फुकट मिळणार होतं. ते कोणत्या पाऊण तासात मिळतं एवढंच बसून पाहायचं होतं.

मग उन्हाचं काय? ते माडीवर होतं. माडीची खिडकी समोरच्या छपराच्या वरून थेट डोंगराकडे उघडते, त्यामुळे खाली सोपा सावलीत गेला तरी वर तासाहून अधिक वेळ ऊन होतं. खिडकीतून आलेला कवडसा तीन मीटरवरच्या भिंतीवर पडला होता. आम्ही त्याची कड खडूनं आखली आणि शेजारी वेळ लिहिली: ५.१०, ५.२५, ५.४०. पंधरा मिनिटांत कवडसा जवळजवळ एक वीत वर चढत होता आणि थोडा उजवीकडे सरकत होता. म्हणजे उन्हातला एक शॉट तीन-चार वेळा घेता येईल, पण पूर्ण प्रसंग घेता येणार नाही, हे भिंतीवरच लिहिलं गेलं.

हेडफोन घालून पाऊण तास

इकडे साउंड रेकॉर्डिस्ट आजीच्या शेजारी हेडफोन घालून बसली होती. तिच्या वहीत वेळ आणि आवाज असे दोनच रकाने होते. रविवारी सकाळी आम्हाला शांत वाटलेलं गाव तिनं शनिवारी संध्याकाळी असं टिपलं होतं: पावणेपाचपर्यंत गल्लीत पोरांचं क्रिकेट, कारण शनिवारी शाळा सकाळची असते आणि दुपार मोकळी. पाचला गल्लीच्या तोंडाची पिठाची गिरणी सुरू, ती साडेसहापर्यंत. मधूनमधून रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, टेपवर गाणी लावलेले, तासाभरात सात. साडेपाचनंतर कौलांच्या वळचणीला चिमण्यांचा कालवा. साडेसहाला देवळातून स्पीकरवर हरिपाठ.

रविवारी यातलं एकही नव्हतं. गिरणी रविवारी बंद असते, आणि सकाळी अकराला ना पोरं गल्लीत होती, ना ट्रॅक्टर रस्त्यावर. शिवाय डोळ्यांनी पाहत असताना कान बरंच काही सोडून देतो. हे कानाचं रोजचंच काम आहे, नाहीतर आपल्याला घरात बोलता येणार नाही. मायक्रोफोनला ते जमत नाही, तो सगळं सारखंच घेतो. म्हणूनच कान बांधून घेणारे हेडफोन लावून आणि डोळे मिटून ऐकावं लागतं, आणि रेकॉर्डही करून आणावं लागतं.

वहीतले सगळे आवाज सारखे घातक नसतात. चिमण्यांचा कालवा संध्याकाळच्या प्रसंगात शोभतो, आणि तो सलग आहे. सलग आवाज सगळ्या शॉटखाली सारखा असेल तर कानाला खटकत नाही. खटकतो तो तुटणारा आवाज. नातवाच्या वाक्याखाली ट्रॅक्टरवरचं गाणं आहे आणि आजीच्या उत्तराखाली ते नाही, असं झालं की प्रेक्षकाला गाणं ऐकू येण्याऐवजी शॉट बदललेला ऐकू येतो. गिरणीची अडचण वेगळी होती. ती सलग घुमत होती, पण आजीचं पात्र पुटपुटल्यासारखं बोलतं आणि गिरणी तेवढ्याच पट्टीत घुमते. तो आवाज पुढे काढायला गेलं की आजीच्या आवाजातलाही भाग जातो.

त्यामुळे प्रत्येक आवाजाला वेगळा उपाय होता. पोरांना सांगणं सोपं होतं. त्यातल्या दोघांनाच शूटिंगच्या दिवशी वळणावर उभं करायचं ठरलं, लांबून ट्रॅक्टर दिसला की फोन करायला. तासाला सात ट्रॅक्टर म्हणजे मधे सरासरी आठ-नऊ मिनिटं मिळतात, आणि आमचा सर्वांत लांब शॉट दोन मिनिटांचा होता. ट्रॅक्टर गेला की लगेच शॉट सुरू करायचा. गिरणीवाल्या काकांकडे आम्ही दोघं गेलो. त्यांनी पैशांचा विषयच काढू दिला नाही. एवढंच म्हणाले, ‘पाऊण तास बंद ठेवतो, पण बायाबापड्या डबे घेऊन यायच्या आधी मला सांगायला पाहिजे. आदल्या दिवशी फळ्यावर लिहू.’ आम्ही पाच ते पावणेसहा मागून घेतले. ही बोलणी शूटिंगच्या दिवशी, पंधरा माणसं खोळंबली असताना करायची वेळ आली असती तर एवढ्या मोकळेपणानं झाली नसती.

घराच्या आतले आवाज वेगळे ऐकावे लागतात. माजघरातला फ्रिज दर काही मिनिटांनी घुरघुरायला लागे. तो शूटिंगपुरता बंद ठेवायचा, पण मग चालू करायला विसरण्याची भीती असते आणि घरच्यांचं दूध नासतं. साउंडवाल्यांचा यावर जुना तोडगा आहे: गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे फ्रिज उघडल्याशिवाय कुणाला घरी जाताच येत नाही. माडीच्या फळ्या करकरत होत्या, म्हणून सोप्यावर शॉट चालू असताना माडीवर कुणी पाऊल टाकायचं नाही असं ठरलं. आणि रिकाम्या माडीत टाळी वाजवली तर ती भिंतींवरून परतून आली. अशा खोलीत माणसाचं बोलणं डब्यात बोलल्यासारखं ऐकू येतं. वाड्याच्या मालकीण काकूंकडे गोधड्या भरपूर होत्या. त्यातल्या चार कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर टांगायच्या ठरल्या.

इस्त्री लावून पाहिली

वीज पाहायची ती दिवे लागायच्या वेळी. दुपारी साडेतीनला सोप्यावरच्या सॉकेटमध्ये वायरमननी मीटर लावला तेव्हा २२७ व्होल्ट होते, म्हणजे उत्तम. सव्वासहाला, गावात घरोघरी दिवे आणि टीव्ही लागल्यावर, त्याच सॉकेटवर १९२ भरले. कुणीच भार टाकलेला नसताना दाब एवढा पडतो तेव्हा कारण बाहेरच्या लाइनमध्ये असतं, आणि त्यावर आपल्या हातात उपाय नसतो.

इस्त्री त्यापुढची परीक्षा घ्यायला आणली होती. हजार वॉटची इस्त्री म्हणजे हजार वॉटच्या दिव्याइतका भार. ती त्याच सॉकेटला लावली तेव्हा मीटर १७९ वर आला, म्हणजे आणखी १३ व्होल्ट गेले. मग तीच इस्त्री मीटरच्या पेटीजवळच्या सॉकेटला लावली. तिथं फक्त तीनच व्होल्ट पडले. या दोन आकड्यांवरून सगळं कळतं. लाइन मुळात अशक्त आहेच, पण पेटीपासून सोप्यापर्यंत वाड्याच्या आतली वायर बारीक आणि जुनी आहे. मधले व्होल्ट त्या वायरीत उष्णता होऊन जातात, हजार वॉटच्या भारावर चाळीसेक वॉट. लाकडी वाड्यात, शंभर वर्षांच्या तुळईशेजारून गेलेली वायर तासभर अशी तापू द्यायची नसते. वायरमन एवढंच म्हणाले, ‘इथून काही ओढू नका. पेटीपाशी मी तुम्हाला वेगळा पॉइंट काढून देतो.’

तोच निर्णय झाला. पेटीपाशी संरक्षक स्विच बसवून वेगळा पॉइंट, तिथून जाड केबल सोप्यापर्यंत, आणि ती पूर्ण उलगडलेली, कारण गुंडाळलेली केबल भाराखाली तापते. हॅलोजनचे मोठे दिवे आणायचेच नाहीत, कारण कमी व्होल्टेजवर ते मंद तर होतातच, वर पिवळे पडतात. त्याऐवजी दोनशे वॉटचे दोन एलईडी दिवे. अशा दिव्यांचे ॲडॉप्टर बहुधा १०० ते २४० व्होल्टपर्यंत कुठंही चालतात, पण ते त्यांच्या पट्टीवर वाचून खात्री करायची. दोन्ही मिळून चारशे वॉट, म्हणजे १९० व्होल्टवरही दोन ॲम्पिअरच्या थोडं वर. वीज गेलीच तर बॅटरीवर चालणारा एक दिवा जवळ. जनरेटरचा विचार आम्ही सोडला. तो गल्लीत येत नव्हता आणि त्याची घरघर चौकात आलीच असती.

एक गोष्ट मीटरवर दिसत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब किंवा स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त उजळतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्यात मात्र चित्रावर पट्टे सरकताना दिसतात. फोनवर संथ गतीचा व्हिडिओ घेऊन पाहिलं तर देवघरातला बल्ब फडफडताना दिसला. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवलं की हा दोष बहुतेक जातो, तरी आम्ही तो बल्ब बदलायचं टिपून ठेवलं.

म्हशी, किल्ली आणि भाऊबंद

पोचायचा रस्ताही वेळेप्रमाणे बदलतो. गल्ली सात फूट रुंद होती, छोटा हत्ती टेम्पो आत येतो हे रविवारीच पाहिलं होतं. शनिवारी साडेपाचला रानातून म्हशी परतल्या आणि दहा मिनिटं गल्ली त्यांची झाली. टेम्पो दाराशी उभा असता तर म्हशी अडल्या असत्या, आणि त्यांच्या मागून येणारी माणसंही. म्हणून सामान तीनच्या आत उतरवून टेम्पो गावाबाहेर न्यायचा, आणि परतीची भरणी सातनंतर करायची असं ठरलं. टेम्पो उभा राहायच्या जागेपासून चौकापर्यंत नव्वद पावलं आणि मधे उंच उंबरा. जड पेटी घेऊन एक फेरी कितीची होते ते चालून पाहिलं आणि सामान लावायला तासाऐवजी दीड तास धरला.

सर्वांत मोठी अडचण मात्र रस्त्याची नव्हती. माडीला कुलूप होतं. काकूंनी किल्ली आणून दिली, पण देताना सहज म्हणाल्या, ‘माडी धाकट्या भावजींची आहे हो, ते पुण्याला असतात.’ वाडा एक दिसत असला तरी मालकी तीन घरांची होती. खालचा पूर्वेचा सोपा काकूंचा, माडी पुण्याच्या दिरांची, पश्चिमेची बाजू चुलत घराण्याची, आणि चौक सगळ्यांचा. एकाची परवानगी घेऊन आलेल्या युनिटला दुसऱ्या भावानं दुपारी चार वाजता बाहेर काढल्याचे प्रसंग मी पाहिले आहेत. त्यात त्या भावाची चूक नसते, त्याला कुणी विचारलेलंच नसतं. आम्ही तिघांकडे स्वतंत्र गेलो. कोणत्या तारखेला, किती ते किती, कोणकोणत्या खोल्या, काय हलवणार आणि काय पूर्ववत करून देणार, हे एका कागदावर लिहून तिघांच्या सह्या घेतल्या. गल्लीत माणसं थांबवणार होतो म्हणून ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्यालाही लेखी कळवलं. त्याच फेरीत काकूंना विचारून घेतलं की युनिटमधल्या मुलींना कुठलं स्वच्छतागृह वापरता येईल आणि आजीची भूमिका करणाऱ्या बाईंना शॉटच्या मधे पाठ टेकायला खोली कुठली. सत्तरीतल्या बाई चार तास सोप्यावर मांडी घालून बसणार असतील तर ही बाब उजेडाइतकीच आधी पाहायची असते.

आठवड्यात काय बदलतं

रात्री परतताना प्रसंगाचं वेळापत्रक आपोआप तयार झालं होतं. तीन ते साडेचार सामान, दिवे, तालीम. साडेचार ते पाच, गिरणीआधी, आजीचे एकटीचे शॉट. पाच ते सव्वापाच, गिरणी बंद असताना, दोघांचा संवाद. सव्वापाचला सगळं सोडून माडी. पाच चाळीसला पुन्हा खाली, उरलेला संवाद बारीक दिव्यांच्या आधारानं, ट्रॅक्टर आणि चिमण्या सांभाळून. कागदावरच्या मूळ बेतात माडीचा शॉट सर्वांत शेवटी, सहा वाजता होता. तो तसाच राहिला असता तर आजी वळकटी बांधताना खिडकीबाहेर डोंगराची सावली असती.

रेकी शूटिंगच्या किती आधी करावी याचं उत्तर जागेवर अवलंबून असतं. ‘पथेर पांचाली’ची सुरुवात राय यांनी १९५२ मध्ये काशफुलांच्या मैदानातल्या प्रसंगानं केली. पुढच्या रविवारी ते उरलेलं काम करायला परत गेले तेव्हा गुरांनी ती सगळी फुलं खाऊन टाकली होती, आणि काशफुलं पुन्हा फुलायला वर्ष जावं लागलं. उभं पीक, फुललेलं झाड, वाहता ओढा असेल तर शूटिंगच्या आदल्या दिवशीही जाऊन यावं. भिंती, छप्पर आणि डोंगर यांच्यासाठी आठवडा चालतो, फक्त सूर्य आठवड्यात किती हलला ते धरावं लागतं. आभाळ भरून आलं तर काय, हा प्रश्न कुठलीच रेकी सोडवत नाही. त्यासाठी आम्ही ऊन नसलं तर वळकटीचा शॉट खिडकीकडे पाठ करून कसा घ्यायचा ते त्याच संध्याकाळी ठरवून ठेवलं होतं.

शूटिंगच्या शनिवारी आभाळ निरभ्र होतं. गिरणीच्या फळ्यावर ‘आज ५ ते ५.४५ बंद’ असं खडूनं लिहिलेलं होतं. संवाद सोप्यावर शांत उजेडात झाला, दोनदा वळणावरून फोन आला तेव्हा थांबलो, ट्रॅक्टर गेले, पुढे सुरू केलं. पाच वीसला माडीवर गोधड्या टांगलेल्या होत्या आणि आजी वळकटीशेजारी बसल्या होत्या. भिंतीवर आठवड्यापूर्वीच्या खडूच्या रेघा तशाच होत्या. पाच पंचवीस झाले, कवडसा ‘५.२५’च्या रेघेच्या तीन बोटं खाली होता. दिवस आठवडाभरानं मोठा झाला होता, तेवढाच सूर्य वर होता. दिग्दर्शकानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘अजून चार मिनिटं.’ सगळे गप्प उभे राहिले. ऊन भिंतीवरून सरकत रेघेला लागलं, त्या वेळी ते नेमकं आजींच्या हातांवर आणि वळकटीच्या गाठीवर होतं, आणि कॅमेरा सुरू झाला.